जिमवाल्यानं रोज किती अंडी खायची, पिवळं ठेवायचं का फेकायचं: लातूरच्या एका पोराचा पूर्ण हिशोब

माझा मावसभाऊ लातूरला रूम करून राहतो, मेसचा डबा खातो आणि आठवड्यातून पाच दिवस जिम करतो. वजन ६६ किलो, वय २२. मागच्या वर्षी त्याच्या रूमवर मुक्कामी गेलो तर सकाळी सकाळी हा पातेल्यातून १० उकडलेली अंडी काढून सोलत बसला, आणि प्रत्येक अंडं मधून फोडून पिवळा गोळा अंगठ्यानं बाहेर ढकलून सरळ कचऱ्याच्या पिशवीत टाकायलाय. मी म्हणलं अरे हे काय करायलास, तर म्हणतो दादा पिवळ्यात कोलेस्टेरॉल असतंय, ट्रेनरनं फक्त पांढरं खायला सांगितलंय. त्या पिशवीत १० पिवळे गोळे बघून माझा जीव खरंच तुटला, कारण घरून येणाऱ्या पैशात पोरगं ट्रे आणतंय आणि त्यातला चांगला हिस्सा फेकून देतंय. त्या दिवशी त्याच्यासोबत वहीवर बसून जो हिशोब केला तोच इथं लिहितोय, तुमचं वजन आणि जेवण वेगळं असेल तर आकडे बदला, पद्धत हीच ठेवा. मी डॉक्टर नाही, बारा वर्षांपासून व्यायाम करतो आणि खाण्याचा हिशोब ठेवतो एवढंच.

आधी अंडं नीट समजून घ्या

एक चांगलं मोठं अंडं, टरफल काढून साधारण ५० ग्रॅम भरतं. त्यात प्रोटीन अंदाजे ६ ग्रॅम, फॅट ५ ग्रॅम आणि कॅलरी ७० च्या आसपास. आता ह्या ६ ग्रॅममधलं साडेतीन ग्रॅमच्या आसपास पांढऱ्यात असतं आणि राहिलेलं जवळपास पावणेतीन ग्रॅम पिवळ्यात. इथंच बहुतेक पोरं चुकतात, त्यांना वाटतं प्रोटीन म्हणजे पांढरं आणि पिवळं म्हणजे नुसती चरबी. तसं नाही, अंड्यातलं चाळीस टक्क्यांहून जास्त प्रोटीन पिवळ्यातच आहे.

म्हणजे भावाचा हिशोब बघा. १० अंड्यांचं पांढरं खाऊन त्याला मिळायचं ३६ ग्रॅम प्रोटीन, आणि पिशवीत जायचं जवळपास २७ ग्रॅम. तेच ३६ ग्रॅम त्याला ६ अख्ख्या अंड्यांतून मिळालं असतं. म्हणजे रोज ४ अंडी निव्वळ वाया, आणि पिवळ्यासोबत बी१२, डी व्हिटॅमिन, ए व्हिटॅमिन, कोलीन हे सगळं पण गेलं, कारण ह्या गोष्टी पांढऱ्यात जवळपास नसतातच. आपल्याकडं ज्यांच्या घरी मटण-चिकन क्वचित होतं त्यांना बी१२ मिळायला दूध-दह्याशिवाय अंडं हाच सोपा मार्ग आहे, आणि बी१२ असतं पिवळ्यात.

पण दुसरी बाजू पण तेवढीच खरी आहे, एका पिवळ्यात १८० ते १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि अख्ख्या अंड्याची फॅट जवळपास सगळी तिथंच असते. १० पांढऱ्यांच्या कॅलरी होतात १७० आणि ६ अख्ख्यांच्या सव्वाचारशेच्या पुढं. म्हणून ज्याला पोट कमी करायचंय त्याला पांढरं कामाचं आहे, ते उगाच कुणी काढलेलं नाही. प्रश्न फक्त किती पिवळे ठेवायचे हा आहे.

पायरी एक: स्वतःचं प्रोटीन काढा

वेट ट्रेनिंग नियमित करणाऱ्याला दर किलो वजनामागं दिवसाला साधारण १.४ ते १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं. त्याच्या वर खाल्लं म्हणून मसल त्या प्रमाणात वाढत नाही. भावाचं ६६ किलो, म्हणजे ९२ ते १०६. आम्ही १०० धरलं, हिशोबाला सोपं. तुमचं पोट बरंच सुटलेलं असेल तर आजचं वजन धरू नका, उंचीप्रमाणं जे वजन असायला पाहिजे ते धरा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

पायरी दोन: ताटात आधीच काय आहे ते मोजा

ही पायरी सगळे सोडून देतात आणि डायरेक्ट अंड्यावर येतात. पण आपल्या जेवणात प्रोटीन असतंच, ते आधी वजा करायचं. भावाच्या दोन्ही वेळच्या मिळून ६ चपात्या, त्याचे २२ ग्रॅम धरले. दोन वेळचा भात ८ ग्रॅम. मेसचं वरण दोन वाट्या, आता घरच्या घट्ट तुरीच्या वरणाच्या एका वाटीत ६-७ ग्रॅम सहज मिळतं पण मेसच्या वरणात ताट दिसतं खालचं, म्हणून दोन वाट्यांचे मिळून ७ च धरले, स्वतःला फसवण्यात अर्थ नाही. एका वेळची मटकीची उसळ ५, दही एक छोटी वाटी ३, रात्री ग्लासभर दूध ८, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे-फुटाणे ८. बेरीज ६१.

घरी राहत असाल तर हाच आकडा वेगळा येतो. ज्वारीच्या एका भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यातून ६-७ ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे दिवसाच्या चार भाकरीतच २५ च्या आसपास, वर घट्ट वरण आणि शेंगदाण्याची चटणी. घरचं जेवणारा पोरगा मेसवाल्यापेक्षा दोन अंडी कमी खाऊन पण तिथंच पोचतो.

भावाला पाहिजे १०० आणि ताटात ६१. कमी पडतंय ३९, म्हणजे जवळपास ४०. एवढंच भरून काढायचंय, सगळे १०० अंड्यातून काढायचे नाहीत.

पायरी तीन: किती अख्खी, किती पांढरी

इथं माझं मत स्पष्ट सांगतो. तरुण आहे, शुगर नाही, घरात कमी वयात कुणाला हार्टचा त्रास झालेला नाही, रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे आणि व्यायाम खरोखर करतो, अशा माणसानं दिवसाला २ ते ३ अंडी अख्खी खावीत आणि त्याच्या वर पाहिजे असेल तर ३-४ अंड्यांचं फक्त पांढरं घ्यावं. ह्याच्या वर जायची गरज मला तरी बहुतेक कुणाला दिसत नाही.

हा आकडा सावध का आहे ते पण ऐका. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१९ च्या सल्ल्यात निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालतं असं म्हणलेलं आहे, आणि ज्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे अशा वयस्कर लोकांना दोनपर्यंत. मी जे दोन-तीन म्हणतोय ते त्याच्या वरचं आहे, म्हणूनच रिपोर्टची अट घातली, रिपोर्ट न काढता तीन खाऊ नका, एकावर राहा. आणि अमेरिकेनं २०१५ च्या आहार मार्गदर्शनातून रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा काढली हे खरंय, ते सांगून पोरं दहा-दहा अख्खी खायलेत, पण त्याच कागदात कोलेस्टेरॉल होईल तेवढं कमीच खा असंही लिहिलेलं होतं, ते कुणी सांगत नाही. आपल्या भागातल्या म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयाचा त्रास तुलनेनं लवकर वयात होतो हे पण लक्षात ठेवायचं.

मग पिवळं पूर्णच का नाही सोडायचं? वर सांगितलेले व्हिटॅमिन एक, आणि दुसरं म्हणजे २०१७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक अभ्यास झाला, व्यायाम करणाऱ्या १० तरुणांना वर्कआउटनंतर एकदा अख्खी अंडी आणि एकदा फक्त पांढरं दिलं, दोन्ही वेळेस प्रोटीन सारखंच १८ ग्रॅम. अख्ख्या अंड्यांनंतर पुढच्या काही तासात स्नायू बांधण्याचं काम जास्त झालेलं दिसलं. अभ्यास छोटा आहे आणि काही तासांपुरता आहे, त्यावरून सहा महिन्यांत दंड जास्त फुगेल असं म्हणता येत नाही, पण पिवळं स्नायूला आडवं येतं ही समजूत मात्र त्यानं मोडते.

भावाचं मग असं बसवलं. ३ अख्खी म्हणजे १८ ग्रॅम, ३ पांढरी म्हणजे साधारण १०-११, झाले २८-२९. राहिले ११-१२, त्यासाठी सोया चंक्स, कोरडे २०-२५ ग्रॅम, गरम पाण्यात भिजवून पिळून मेसच्या भाजीत कालवायचे, त्यातून १० ते १३ ग्रॅम मिळतं. झाला हिशोब. १० अंड्यांच्या जागी ६ अंडी, आणि प्रोटीन आधीपेक्षा जास्त.

पायरी चार: वाराचा हिशोब धरा

आपल्याकडं अंडं रोज होत नाही हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. माझ्या मावशीच्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार अंडं शिजत नाही, एकादशीला नाही, आणि श्रावण तर पूर्ण बंद. भाऊ रूमवर असला तरी ते पाळतो आणि त्यानं पाळावं असंच मला वाटतं. मग आठवड्याचे चार दिवस अंडी, म्हणजे १२ अख्खी, सरासरी दिवसाला दोनच्या पण आत. हे उलट चांगलंच झालं. पण चूक काय होते, तीन दिवस बंद म्हणून मंगळवारी पोरं आठ-दहा अंडी एकदम खातात. तसं करू नका, कालचं राहिलेलं प्रोटीन आज डबल खाऊन भरून निघत नाही, पोट मात्र फुगतं.

न खायच्या दिवशी सोया चंक्स ५० ग्रॅम कोरडे, त्यातून २६, सोबत ५० ग्रॅम पनीर ९, आणि दह्याची एक वाटी वाढवली की चाळिशीजवळ पोचतो. सोया एकदम ५० ग्रॅमनं सुरू करू नका, गॅस होतो, दोन वेळेत वाटून खा. श्रावणभर हेच.

पायरी पाच: शिजवायचं कसं

कच्चं अंडं ग्लासात फोडून दुधात घुसळून पिणारे अजून भेटतात. नका करू. बेल्जियममध्ये १९९८ ला मोजून बघितलेलं आहे, शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन शरीरात ९० टक्क्यांच्या आसपास पचलं आणि कच्च्यातलं ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कच्ची सहा पिली तर अर्धी वाया. वर कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं एक प्रोटीन असतं जे बायोटीन हे व्हिटॅमिन अडवून धरतं, आणि साल्मोनेलाचे जंतू असले तर जुलाब-तापानं जिमचा आठवडा जातो. शिजवलं की हा सगळा प्रश्न संपतो.

उकडताना पाण्याला उकळी आली की ९-१० मिनिटं बस. पिवळ्याभोवती हिरवट-काळी कडा दिसली आणि वास आला तर जास्त उकडलंय, त्यात विष वगैरे नसतं, पिवळ्यातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक मिळून तो रंग येतो, फक्त चव जाते. लगेच गार पाण्यात टाका, सोलायला सोपं जातं.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो, अशा वेळी उकडलेलं अंडं डब्यात घालून दुपारी जिमला न्यायचं नाही, तासाभरात खाल्लं तर ठीक. फ्रिज असेल तर टरफलासकट ठेवलेली आठवडाभर टिकतात, रूमवर फ्रिज नसेल तर जेवढी खायची तेवढीच उकडा, आणि ट्रे एकदम ३० चा न आणता उन्हाळ्यात डझनभरच आणा. शंका आली तर कच्चं अंडं पाण्यात सोडून बघा, तळाला आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालतं, आधी वेगळ्या वाटीत फोडून वास बघा, वर तरंगलं तर टाकून द्या. आणि उन्हाळ्यात अंडं गरम पडतं म्हणून बंद करायची गरज नाही, प्रोटीन वाढवलं की पाणी वाढवायचं आणि सोबत काकडी-कांदा-पालेभाजी ठेवायची, बहुतेकांना जी "उष्णता" वाटते ती पाणी आणि पालेभाजी कमी पडल्यानं झालेला बद्धकोष्ठ असतो.

गाड्यावर खायचं असेल तर बॉइल मागा, मीठ-मिरी टाकून. हाफ फ्राय आणि भुर्जीत गाडीवाला मोठा चमचाभर तेल किंवा बटर सोडतो, त्या एका चमच्याच्याच शंभराच्या वर कॅलरी, म्हणजे दीड अंड्याएवढ्या. गावरान अंड्याला जास्त पैसे देऊ का असं भाऊ विचारत होता. चव आवडत असेल तर द्या, पण ते आकारानं लहान असतं म्हणून प्रोटीन उलट थोडं कमीच भरतं, आणि पिवळ्याचा गडद रंग कोंबडी काय खाते त्यावरून येतो.

पायरी सहा: रक्त तपासा, अंदाजावर राहू नका

ह्या पायरीसाठीच मुळात लिहायला बसलोय. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलनं बहुतेकांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल फार हलत नाही, पण काहींचं चांगलंच वाढतं, आणि तुम्ही कोणत्या गटात आहात हे आरशात बघून कळत नाही. सिक्स पॅक असलेल्याचं पण वाढलेलं असू शकतं, आणि ते वाढल्यावर काहीच दुखत नाही.

भावाचंच सांगतो. पिवळं फेकू नको म्हणल्यावर त्यानं मध्ये काही दिवस माझा हिशोब बाजूला ठेवला आणि कुणाचं तरी रील बघून रोज ८ अख्खी अंडी सुरू केली, ती पण बटरमध्ये हाफ फ्राय. सुदैवानं आम्ही सुरुवातीलाच लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट काढून ठेवला होता, त्यात एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १०४ होतं. दहा आठवड्यांनी परत काढलं तर १४९. वजन तेवढंच, व्यायाम तोच, बदललं होतं फक्त अंडी आणि बटर. मग बटर पूर्ण बंद, ३ अख्खी ३ पांढरी उकडून, आठवड्यात चार दिवस, आणि दहा आठवड्यांनी ११८ वर आलं. ह्यात अंड्याचा वाटा किती आणि बटरचा किती हे वेगळं काढता येत नाही, बटरमधली सॅच्युरेटेड फॅट एलडीएल वाढवायला अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त जबाबदार असते, पण दोन्ही एकदम खाल्ल्यावर काय होतं ते कागदावर दिसलं.

तुम्ही असं करा. अंडी वाढवायच्या आधी एकदा लिपिड प्रोफाइल करा, लॅबवाला उपाशीपोटी या म्हणला तर तसंच जा. मग ठरवलेली अंडी ८ ते १२ आठवडे तशीच खा, मध्ये बाकी जेवणात मोठे बदल करू नका, आणि परत तीच टेस्ट. रिपोर्टमध्ये टोटल कोलेस्टेरॉलकडं बघून घाबरू नका, एलडीएलची ओळ बघा. १०० च्या आत असेल तर छान. १३० च्या पुढं गेलं किंवा आधीपेक्षा २५-३० नं वाढलं तर अख्खं अंडं एकावर आणा, बाकी पांढरी करा, बटर-तूप-बेकरी कमी करा आणि परत तपासा. १६० च्या वर असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं जायचं, आणि १९० किंवा वर असेल तर तो घराण्यातून आलेला प्रकार असू शकतो, नुसती अंडी सोडून तो खाली येणार नाही, आई-वडील आणि भावंडांचं पण तपासून घ्या.

ज्यांना शुगर आहे, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, किंवा वडील-काकांना पन्नाशीच्या आत अटॅक आलेला आहे, त्यांनी माझे तीन अंड्यांचे आकडे धरू नका. पांढरं खा, पिवळ्याचं डॉक्टरला विचारून ठरवा. किडनीचा आजार असेल तर पांढरं पण मोजूनच, कारण तिथं प्रश्न प्रोटीनचाच असतो. आणि अंडं खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात असं होत असेल तर ती ॲलर्जी आहे, ती बहुतेक वेळा पांढऱ्याचीच असते, तेव्हा पिवळं सोडून काही उपयोग नाही.

राहिला प्रश्न त्या तीन उरलेल्या पिवळ्यांचा, कारण ते फेकायचं माझ्या भावाला आता मनाला लागतं. त्याचा रूममेट ५२ किलोचा आहे, वजन वाढवायचंय आणि रिपोर्ट चांगला आहे. आता दोघं मिळून ट्रे आणतात. तो दोन अख्खी खातो आणि भावानं काढलेले तीनमधले एक-दोन गोळे भातात कुस्करून मीठ-लसणाची चटणी टाकून खातो, एखादा उरतो तो खालच्या कुत्रीला. त्याला पण सांगून ठेवलंय की दहा आठवड्यांनी टेस्ट, तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली आहे.